पाणी आलंय, हंडे घे

नोकरी गेली आणि संभाजीनगरची भाड्याची खोली सोडायची ठरवली. घरी राहायला येऊ का, हे फोनवर विचारायचा धीर होईना. म्हणून एका रविवारी गावी, सिरसाळ्याला गेले. तेहतीस वर्षांची बाई, घटस्फोट होऊन वर्ष झालेलं, आणि स्वतःच्याच आई-वडिलांना विचारायला जेवणं होईपर्यंत थांबलेली. स्वतःचाच राग येत होता.

जेवणं झाल्यावर एका दमात बोलले, "चार महिने इथं राहू का? दुसरं काम मिळेपर्यंत."

वडील सुपारी कातरत होते. "कावून इचारतीस? घर हाय की." मग त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "पण माहेरपण न्हाई चालायचं. तुझ्या आईचे गुडघे लई दुखतेत. सकाळच्या भाकरी तुझ्याकडं. कुठं जाशील ते सांगून जायचं. नवाच्या आत घरात. दिवाळी झाली की पुन्हा बसून बोलू."

मीही माझी अट घातली. सकाळी दहा ते बारा माझं दार बंद असेल, ऑनलाइन मुलाखती असतात, कुणी आत यायचं नाही.

"आन नळाला पाणी आलं तर?"

आमच्याकडं नळ सहा-सात दिवसांनी येतो. "तर उठेन," म्हटलं. वडील हसले.

मग आई बोलली. "कुणी इचारलं तर आराम करायला आले म्हणायचं. जावई बाहेरगावी हायेत म्हणायचं." वर्षभर तिनं गल्लीत हेच सांगितलं होतं.

"बाकी सगळं मान्य," मी म्हणाले, "पण हे नाही. खोटं बोलूनच राहायचं असेल तर मी तिकडंच दुसरी खोली बघते."

आई ताटं उचलून आत गेली. वडील पुन्हा सुपारी कातरू लागले. आईपेक्षा मला त्यांचाच जास्त राग आला, आणि तशीच तणतणत मी परत गेले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "सोयाबीनच्या गोण्या शेडात टाकल्यात. खोली मोकळी हाय, ये." आईला द्या म्हटलं, तर ती कामात आहे म्हणाले.

दोन बॅगा घेऊन दारात उतरले. लेक माहेरी आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची आमच्याकडं रीत आहे. आईनं ती कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी ती दारात उभी होती आणि हात रिकामे होते.

समोरच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "अगं, लेक आली, तुकडा न्हाई ओवाळला?"

"पाहुणी हाय का ती?" आई म्हणाली. आवाज गल्लीला ऐकू जाईल एवढा होता. "तिचं मोडलंय, वर्ष झालं. आता हितंच राहणार हाय."

मी बॅगा घेऊन तशीच उभी.

"उभी काय राहिलीस?" आई माझ्यावर खेकसली. "पाणी आलंय. हंडे घे."

बॅगा दारातच टाकल्या आणि हंडे घेतले.