केळीच्या पैशाचं व्याज

एकोणसाठाव्या वर्षी मी भारी हुशार होते. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, निवृत्त होऊन दीड वर्ष झालेलं, पेन्शन वेळेवर येत होती आणि डोक्यात हवा. जुलैमध्ये सुनेच्या लॅपटॉपवर बसून मी माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न स्वतः भरलं. सल्लागाराचे पाचशे रुपये वाचवले, हे आमच्या निर्मळ गावापासून वसईच्या होळी बाजारापर्यंत भेटेल त्याला सांगितलं. भाजीवाल्या मावशींनाही सोडलं नाही.

कर किती आला? शून्य. वजावटी जाऊन पेन्शन उरली चार लाख सत्तर हजार, आणि तेव्हा पाच लाखांच्या आत असेल तर सूट मिळून कर शून्य व्हायचा. मला वाटलं, माझ्या गणिताची ही पावतीच.

डिसेंबरात इन्कम टॅक्स खात्याकडून मेसेज आला. तुमच्या नावावर नोंद असलेलं व्याज रिटर्नमध्ये दिसत नाही, तपासून पाहा. सुनेने खात्याच्या साइटवरचा माझा तक्ता उघडला. दोन बँकांतल्या ठेवींचं व्याज, पस्तीस-पस्तीस हजार. एकूण सत्तर.

"आई, हे दाखवलं नव्हतंत?"

"कशाला दाखवू? ते केळीचे पैसे आहेत."

आता हे समजून घ्यायला आमच्याकडचं असावं लागतं. वसईकडच्या सगळ्यांसारखी आमची केळीची वाडी होती तेव्हा मिस्टर केळी विकून जे उरेल ते बँकेत ठेवायचे. ते गेल्यावर ठेवी माझ्या नावावर आल्या आणि वाडीत घरापुरते नारळ उरले. माझा दीर लग्नापासून मला ऐकवत आलेला, "वैनी, वाडीच्या पैशाला कर नाय." कर नाय तर नाय. केळीला नाही म्हणजे केळीच्या पैशाला नाही, आणि त्या पैशाच्या व्याजाला तरी कसा असेल? केळीच्या बुडाशी जे पिलू येतं तेही केळीच. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

शिवाय बँकेने व्याजातून कर कापलाही नव्हता. प्रत्येक बँकेत चाळीस हजारांच्या आत, म्हणून नाही कापला. मी समजले की बँकेलाही केळीचं पटलंय.

माझी एक विद्यार्थिनी वसईत करसल्लागार आहे, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिच्याकडे जाताना मी लाल शाईने एक कागद तयार करून नेला होता. त्यावर फक्त व्याज, सत्तर हजार. चुकलेलं तेवढंच उदाहरण पुन्हा सोडवायचं, असा माझा हिशेब.

तिने कागद पाहिला. चष्मा वर केला.

"बाई, हे असंच भरलं असतंत तर तुमची पेन्शन गायब झाली असती."

"म्हणजे?"

"रिव्हाइज्ड रिटर्न म्हणजे जुन्याला जोडलेला तुकडा नाही. ते जुन्याच्या जागी बसतं. पेन्शन, व्याज, वजावटी, सगळं पुन्हा लिहायचं. वर पहिल्या रिटर्नचा पावती क्रमांक आणि तारीख. अख्खा पेपर परत सोडवायचा, बाई. तुम्ही आम्हाला सोडवायला लावायचात तसा."

ही पोरगी सातवीत तक्रारखोर होती. अजून विसरली नव्हती.

मी मनात म्हटलं, सत्तर हजारांवर कर किती, पाच टक्के धरून साडेतीन हजार. पर्समध्ये चार हजार होते. बँकेतल्या बचत खात्यात पंचवीस हजार बाजूला ठेवले होते, ते वेगळे. निवृत्त शिक्षिकांची केरळची सहल जानेवारीत निघणार होती आणि पैसे एकतीस डिसेंबरपर्यंत भरायचे होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची आई, बायको किंवा वर्गशिक्षिका न होता कुठे जाणार होते. त्या पंचवीस हजारांना कुणी हात लावायचा नव्हता.

"एकवीस हजार तीनशे वीस," ती म्हणाली.

"सत्तर हजारांवर?"

"पाच लाख चाळीस हजारांवर. पाच लाख ओलांडले की सूट जाते. सगळीच. पहिल्या पाच लाखांवर साडेबारा हजार, वरच्या चाळीस हजारांवर वीस टक्के म्हणजे आठ हजार, आणि त्यावर चार टक्के उपकर."

मी कागदावर मांडलं. बरोबर होतं. पुन्हा मांडलं. तरीही बरोबर.

"आणि व्याज," ती म्हणाली.

"व्याज तर धरलंस ना सत्तर हजार?"

"ते तुम्हाला मिळालेलं. हे तुम्ही द्यायचं."

व्याजावर कर आणि त्या करावर व्याज. रिटर्न उशिरा भरलं म्हणून लागणारं व्याज नव्हतं, कारण पहिलं मी वेळेत भरलं होतं. पण कर दहा हजारांच्या वर गेला, म्हणजे तो आधीच्याच वर्षात जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चला हप्त्यांनी भरायला हवा होता. हप्ते चुकले त्याचे एक हजार अडुसष्ट. शिवाय एप्रिलपासून भरेपर्यंत दरमहा एक टक्का, नऊ महिन्यांचे एक हजार नऊशे सतरा.

"ज्येष्ठांना हे हप्ते नसतात," मी म्हटलं. कुठेतरी वाचलं होतं.

"साठ पूर्ण हवीत, त्या वर्षाच्या मार्चपर्यंत. तुमची किती होती?"

जन्मभर वय दोन वर्षं कमी सांगणारी मी, त्या दिवशी पहिल्यांदा ते वाढवायचा विचार करत होते. पण दाखल्यावर अठ्ठावन्न होतं, आणि दाखला तिच्यासमोर होता.

"जानेवारीत भरलं तर?"

"दोनशे तेरा रुपये व्याज वाढेल. त्याचं काही नाही. पण रिव्हाइज्डची मुदत एकतीस डिसेंबर. मग वेगळा फॉर्म, आणि वर जादा कर." ती जरा मवाळ झाली. "बाई, नोटीस यायच्या आत स्वतःहून सुधारताय, करही भरताय. याला कुणी चोरी म्हणत नाही."

तो शब्द मी उच्चारला नव्हता. तिने तो माझ्या चेहऱ्यावर वाचला असावा.

एकूण चोवीस हजार तीनशे पाच. ठेव मोडावी का, हे मी विचारलंच. पण चालू वर्षाचंही व्याज तितकंच येणार होतं, म्हणजे मार्चच्या आत आणखी वीसेक हजार, आणि ठेव त्यासाठीच मोडावी लागणार होती. मिस्टरांच्या केळीला एकदा हात लावणं भाग होतं, सहलीसाठी दुसऱ्यांदा लावायला मन होईना.

मी तिथेच बसून बचत खात्यातून चलन भरलं. तिने दोनदा तपासलं की वर्ष योग्य निवडलंय, नाहीतर पैसे भलत्याच वर्षाला जमा होतात. मग अख्खं रिटर्न नव्याने भरलं, देय रक्कम शून्य आली, आधारचा ओटीपी आला आणि मी तो तीनदा चुकीचा सांगितला. चौथ्यांदा तिने फोनच काढून घेतला. तिचे पाचशे रुपये मी रोख दिले.

जिना उतरून खाली आले तरी मला नीट कळलं नव्हतं की मी नक्की कशाचे पैसे भरले. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांना काय वाटत असेल ते मात्र त्या दिवशी कळलं.

सहल माझ्याविना गेली. मैत्रिणी परतल्या तेव्हा माझ्यासाठी मोठं पाकीट घेऊन आल्या, प्रेमाने. आत केळीचे वेफर्स. निर्मळच्या बाईला.

मी दोन दिवसांत संपवले. दिराला एकही दिला नाही.