एका फेरीत मोटार, सही आणि लस

त्या दुष्काळात आमच्या दूध सोसायटीने तलवाड्याजवळ चारा छावणी चालवली होती. टँकर विहिरीत पाणी ओतायचा आणि मोटार ते हौदात चढवायची. ती मोटार जळली. जनावरं आदल्या संध्याकाळपासून हौदाचा तळ चाटत उभी होती. सोसायटीची पिकअप फक्त त्या एका दिवसापुरती मोकळी होती, दुसऱ्या दिवशी ती चाऱ्याला जाणार होती. म्हणजे बीडची एकच फेरी. त्यात मोटार नव्या तारेने भरून आणायची, छावणीच्या मुदतवाढीवर सही घ्यायची आणि लाळ्या-खुरकुताची लसही आणायची.

मी तेव्हा पत्रकं वाटणारा कार्यकर्ता होतो. गाडीही मीच चालवायचो. कामांची यादी केली ती रागाच्या क्रमाने: आधी कचेरी, साहेबाला जाब, मग बाकीचं.

सोसायटीच्या सचिव मावशींनी यादी वाचली आणि घडी करून मलाच परत दिली.

"साहेब कुटं पळून चाललाय का बे? मोटार भरायला चार-पाच तास लागत्यात, आदी ती टाकायची. कागुद मदी. लस समद्यात शेवटी, न्हाईतर बर्फाचं पाणी व्हईल. आन गाडी पुलावरून दोनदाच जाणार. एकदा जाताना, एकदा येताना."

बाजाराचा दिवस होता. दहानंतर बिंदुसरेच्या पुलावर हातगाड्या, रिक्षा, बैल सगळे एकमेकांत अडकून पडतात. मावशी आणि मी साडेआठला पूल ओलांडून जुन्या बाजारात मिस्त्रीच्या दारात उभे होतो. मावशींनी घरीच मोटार खोलून जळकी तार काढून ठेवली होती. त्यामुळे रांगेतल्या दोघांच्या मोटारी खोलून होईपर्यंत आमची कामाला लागली असती.

मिस्त्रीने जळक्या तारेचा तुकडा बोटांत फिरवला आणि मावशींना म्हणाला, "आपा, इस नंबर की तार खतम हाय. स्टँडकडं मिळंल."

स्टँड पुलापलीकडे, आम्ही आलो त्या बाजूला. मी किल्ली काढली.

"गाडी हलवू नको," मावशी म्हणाल्या. "पायी जा. तारेच्या दुकानामागंच कचेरी हाय. जाताना अर्ज आवकमदी टाक, शिक्का घे, येताना तार घेऊन ये. अर्ज तितं दिवसभर आपला आपला चालल."

"मग गाडीनंच जाऊ की, कावून चालायचं?"

"पुलावर बग."

पुलावर नऊ वाजताच चाकं थांबली होती. मी माणसांच्या अंगांमधून वाट काढत गेलो. आवक खिडकी दहाला उघडली. शिक्का मिळाला. मग कारकून म्हणाला, "सही पाहिजे तर थांबा, साहेब येतील." माझ्या खिशात निवेदन होतं, तोंडात भाषण. या जिल्ह्यात पाणी एका टोकाला, सही दुसऱ्या टोकाला कुणी ठेवली, हे मला त्या साहेबाला विचारायचंच होतं. बाकावर बसलोही. मग हौद डोळ्यांपुढे आला. मी दुपारपर्यंत थांबलो असतो तर तार दुपारी पोचली असती आणि मोटार दुसऱ्या दिवशी. उठलो. आयुष्यात पहिल्यांदा एका साहेबाला भांडल्यावाचून सोडलं, आणि तार घेऊन जवळजवळ पळतच परत आलो.

साडेअकराला मिस्त्रीने पहिलं कॉइल बसवलं. तोवर मावशींनी त्याच गल्लीतून दोरखंड, खनिज मिश्रणाचं पोतं आणि हौदाचा वॉशर आणून ठेवला होता. रस्ता त्यांनी एकदाही ओलांडला नव्हता. मी विचारलं, हे कुठं शिकलात?

"डोईवर बोजा घेऊन बाजार केलाय आमी. जड ते शेवटी, रांगंचं ते पयलं. पाय दुकले की डोकं चालतंय, लेका."

पत्रकांत मी नियोजन हा शब्द कितीदा छापला असेल. तो शब्द समोर दोरखंडावर बसून भाकरी खात होता. मला गप्प बसवणारे फार थोडे लोक भेटले, त्यात ही बाई.

वार्निश मारलेली मोटार मोठ्या बल्बाखाली सुकली. चारला गाडीत चढली. पूल तोवर थोडा सैल झाला होता. कचेरी परतीच्या वाटेवरच. अर्ज तीन टेबलं फिरून सहीसकट पडला होता आणि कारकुनाने मान वर न करता तो माझ्या हातात ठेवला. पाच वाजायला दहा मिनिटं असताना जनावरांच्या दवाखान्यातून लसीची पेटी मावशींच्या मांडीवर आली, वर बर्फ. मग थेट गेवराईचा रस्ता.

उजेड असतानाच मोटार बसली. पाणी हौदात पडायला लागलं तेव्हा जनावरांनी दावी ताणली, एक म्हैस खुंट्यासकट आली. शंभर नरडी एकाच वेळी गिळत होती, एवढाच आवाज. मी मावशींकडे पाहिलं. त्या लसीची पेटी सावलीत सरकवत मला म्हणाल्या, "उबा काय राहिलास? म्हस बांद."

मी म्हैस बांधली.