साटमबाईंच्या कॅसेटमधली रिकामी जागा

मुलुंडच्या रत्नप्रभा साटम यांनी तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी शिकवलं. एवढ्या काळात "बाई, तुमचं चुकलं" म्हणायची छाती कोणाची झाली नाही. निवृत्त झाल्या ८४ साली, आणि पुढच्याच वर्षी हे म्हणायची वेळ आणली शेजारच्या एलियम्माने. तीही काही न म्हणता, नुसती रडून.

एलियम्मा केरळातून आलेली नर्स. चार महिन्यांपूर्वी मुलुंडच्याच एका हॉस्पिटलात लागली होती. काम चोख, पण मराठी शून्य. म्हाताऱ्या पेशंट बायकांशी बोलता येत नाही म्हणून मॅट्रन कमळताई कावल्या होत्या. त्यांनी साटमबाईंना गाठलं. "तिची ड्यूटी कधी दिवसा, कधी रात्री. शिकवणीला बसणार कधी? तुम्ही एक कॅसेट भरून द्या ना. तुमच्या मागून ती म्हणत जाईल."

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. चार दिवसांत त्यांनी चाळीस वाक्यांचा पाठ लिहिला आणि घरातल्या टू-इन-वन रेडिओ-टेपसमोर बसून स्वच्छ, खणखणीत आवाजात भरला. "ऐका आणि माझ्यामागून म्हणा," म्हणायचं, वाक्य सांगायचं, जरा थांबायचं, पुढचं वाक्य. एलियम्माने आठवडाभर ती कॅसेट झिजवली आणि शुक्रवारी ती रडत आली.

झालं होतं ते असं. वॉर्डात भांडुपच्या कृष्णाबाई कोळीण होत्या. एलियम्माने त्यांना कॅसेटबरहुकूम विचारलं, "तुम्-हा-ला... ता-प... आ-हे... का." कृष्णाबाई भडकल्या. "मी काय बहिरी हाय का गो? का येडी हाय?" सगळा वॉर्ड हसला. मॅट्रननी एलियम्माला बाजूला घेतलं. दोन आठवड्यांत पेशंटशी धड बोलता आलं तर ठीक, नाहीतर वॉर्ड सोडून चादरींच्या खोलीत जायचं.

"टीचर, चादर मोजायला मी नर्सिंग नाही शिकले," हे तिने मोडक्या हिंदीत सांगितलं.

बाईंना पहिल्यांदा तिचाच राग आला. आपण इतकं सावकाश सांगितलंय, आणखी काय पाहिजे? त्यांनी तिच्यादेखत कॅसेट लावली आणि तिला मागून म्हणायला सांगितलं. खिडकीशी पेपर वाचत बसलेले जयवंतराव, बाईंचे यजमान, तीन वाक्यं होईपर्यंत गप्प राहिले. गिरणी बंद पडल्यापासून ते बरेचसे गप्पच असत. पण आता त्यांच्याच्याने राहवेना.

"अगो, तू तिका बोलूक शिकवतंस की शुद्धलेखन घालतंस?"

बाईंचा चेहरा पडला. कारण ते खरं होतं! तीस वर्षं पोरांना वहीत उतरवून घ्यायला लावताना लागलेली सवय. सावकाश म्हणजे अक्षर अन् अक्षर तोडून, असंच त्यांच्या डोक्यात बसलेलं. असं मराठी जिवंत माणूस कुठे बोलतो? एलियम्मा बिचारी जे ऐकलं तेच म्हणाली होती.

"आणि ती म्हणता म्हणता तुझा दुसरा वाक्य सुरू होता," जयवंतराव म्हणाले. "ऐक जरा."

बाईंनी ऐकलं. एलियम्मा "दुखतं" या शब्दाशी झटत होती आणि कॅसेटमधल्या साटमबाई तिला तुडवून पुढे गेल्या होत्या. थांबताना बाई ते वाक्य स्वतः मनात म्हणायच्या. मालवणात जन्मलेल्या बाईला ते म्हणायला दीड सेकंद पुरे. कोट्टायमच्या पोरीला कसं पुरणार?

बाईंना वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर हायसंच जास्त वाटलं. पोरगी मठ्ठ नव्हती आणि मराठीही अवघड नव्हती. चुकला होता तो पाठ, आणि पाठ काय, पुन्हा लिहिता येतो.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याशीच शाळा भरली. बाई वाक्य म्हणत, एलियम्मा मागून म्हणे, आणि जयवंतराव गिरणीतलं मनगटी घड्याळ काढून सेकंद मोजत. "तुम्हाला ताप आहे का?" बाईंना दोन सेकंद, एलियम्माला पाच. मग वहीत त्या वाक्यापुढे बाईंनी लाल शाईने लिहिलं: थांबा, पाच. प्रत्येक वाक्याला तिचं माप घेऊन जागा सोडली.

वाक्य सांगायची रीतही बदलली. आधी ते रोजच्या बोलण्यासारखं सरळ म्हणायचं, म्हणजे त्याची चाल कानात बसते. मग तेच सावकाश, पण शब्द न तोडता. श्वास घ्यायचा तो दोन शब्दांच्या मध्ये, आणि तिथे वहीत तिरकी रेघ. मग जागा. मग पुन्हा वाक्य, म्हणजे आपलं बरोबर आलं का ते तिला कळेल, आणि पुन्हा जागा. हे सगळं प्रत्येक वाक्याला तीन वेळा. लांब वाक्य शेवटाकडून बांधायचं: "दुखतं का?" "पोटात दुखतं का?" "तुमच्या पोटात दुखतं का?" असं केलं की प्रश्नाचा सूर शेवटपर्यंत टिकतो. एलियम्मा तिसऱ्या खेपेला ते इतकं सहज बोलली की जयवंतरावांनी पोटावर हात ठेवून "नाय बाय" असं उत्तरच दिलं. तिघंही हसली.

मग बाईंनी मिनिटांचा हिशेब केला. एवढ्या जागा सोडल्यावर चाळीस वाक्यं कॅसेटच्या अर्ध्या तासाच्या एका बाजूत मावेनात, आणि मध्येच कॅसेट उलटायला लावणं बाईंना पटेना. बावीसच बसत होती. बाईंनी जड मनाने काट मारायला सुरुवात केली. "आपल्या प्रकृतीस आराम पडो" हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यावर लेखणी अडली.

"कोण बोलता असा?" जयवंतरावांनी विचारलं.

"कोणी नाही," बाईंनी कबूल केलं आणि ते खोडलं. खोडलेल्याच्या जागी काय घालावं म्हणून त्यांनी एलियम्मालाच विचारलं. तिला काय हवं होतं? पेशंट भराभर बोलतात तेव्हा काय म्हणायचं, ते. बाईंनी लिहिलं: "मावशी, जरा हळू सांगा. पुन्हा सांगा." थांबा, आठ.

रविवारी दुपारी कॅसेट नव्याने भरली. जागा आली की बाई तोंड मिटत, टेप तशीच चालू राही, आणि जयवंतरावांचं बोट वर झालं की बाई पुढे बोलत. मध्ये एकदा भंगारवाला ओरडत गेला. तोही कॅसेटमध्ये राहिला.

दोन आठवड्यांनी मॅट्रननी साटमबाईंनाही वॉर्डात बोलावलं. बाई दाराशी उभ्या राहिल्या, हातातला रुमाल पिळत. कृष्णाबाई अजून तिथेच होत्या.

"मावशी, तुमच्या पोटात दुखतं का?" एलियम्माने विचारलं. सरळ, सहज, कोणीही विचारावं तसं.

कृष्णाबाईंना बोलायला निमित्तच हवं होतं. पोटान कळ येते, रातची नीज नाय, सुनेने काय आणलं आणि काय नाही, असा कोळीवाड्याच्या बोलीतला लोंढाच सुटला. एलियम्माचा चेहरा पांढराफटक पडला. मॅट्रनच्या भुवया वर गेल्या. बाईंनी डोळे मिटले.

"मावशी," एलियम्माचा आवाज आला, "जरा हळू सांगा. पुन्हा सांगा."

कृष्णाबाई थांबल्या. बघत राहिल्या. मग पोरीचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला आणि एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, "हितं. दुखतंय. रातीपासून." आणि गप्प राहिल्या.

"इथं दुखतंय. रात्रीपासून," एलियम्मा मागून म्हणाली.

"हा गो बाय," कृष्णाबाई म्हणाल्या. "आता पुढचं सांगू?"

मॅट्रननी तक्त्यावर नोंद केली आणि त्या एलियम्माला म्हणाल्या, "चालू दे. तू वॉर्डातच." साटमबाईंना हलकं वाटलं आणि त्या दाराशेजारच्या बाकावर जाऊन बसल्या. आत कृष्णाबाई पुढचं वाक्य सांगून पुन्हा थांबल्या होत्या, बाईंच्या कॅसेटपेक्षाही जरा जास्तच वेळ.