दुसरी ओळ

माझ्या तापट स्वभावाला घरचे कंटाळलेले आहेत, पण त्या सकाळचा राग आजही मला पुरता रास्त वाटतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात गणित शिकवत होतो आणि बी.एस्सी.चे पेपर तपासत होतो. आमचे मुख्य परीक्षक भाईंदर पश्चिमेलाच, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहायचे. तपासलेले पेपर त्यांना दाखवून सही घ्यायची, असा नियम. गृहस्थ विद्वान म्हणून प्रसिद्ध होते. प्रसिद्धी त्यांनी स्वतःच केली होती.

मी गठ्ठा घेऊन पोचलो तेव्हा साहेब पायरीवर उकिडवे बसून उत्तनच्या कोळणीकडून पापलेट घेत होते. एकेक मासा उचलायचा, कल्ले बघायचे, उलटा करून दुसरी बाजू दाबायची.

"ताजा हाय," ती वैतागून म्हणाली. "किती उलटंपालटं करशील?"

साहेबांनी तरीही सगळे उलटून पाहिले. मग हात धुऊन आम्ही पेपर घेऊन बसलो.

प्रश्न साधा होता. दोन ओळींचं मॅट्रिक्स, वरची ओळ सात, दोन आणि खालची तीन, दोन. त्याच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे त्या मॅट्रिक्सचे खास आकडे, आणि आयगेनव्हेक्टर, म्हणजे प्रत्येक आकड्याला लागू पडणारी एक्स-वायची जोडी, काढा. कर्णावरच्या सात आणि दोनमधून लॅम्डा, म्हणजे शोधायची व्हॅल्यू, वजा करायचा, त्यांच्या गुणाकारातून उरलेल्या दोघांचा गुणाकार, म्हणजे सहा, वजा करायचा आणि उत्तर शून्य धरायचं. एक आणि आठ येतात. पण पुष्कळांनी सहा वजा करण्याऐवजी मिळवले, आणि दैवाची थट्टा अशी की त्यातूनही चार आणि पाच अशी गोंडस उत्तरं आली. बेरीजसुद्धा खऱ्या उत्तरांइतकी, नऊच, मग संशय कोणाला येणार?

संशय पुढे यायला हवा. व्हॅल्यू खरी असेल तर व्हेक्टर काढताना दोन्ही ओळी एकच गोष्ट सांगतात. चार घेतले तर वरची ओळ म्हणते तीन एक्स अधिक दोन वाय शून्य, खालची म्हणते तीन एक्स उणे दोन वाय शून्य. दोन्ही पाळायच्या तर एक्स शून्य, वायही शून्य. आणि शून्य व्हेक्टर चालत नाही.

बहुतेकांनी काय केलं? वरची ओळ घेतली, दोन आणि उणे तीन असा व्हेक्टर ठोकून दिला, खालच्या ओळीकडे पाहिलंच नाही. एकाच उमेदवाराने दोन्ही ओळी सोडवल्या. मुलगा की मुलगी, ठाऊक नाही, समोर फक्त बैठक क्रमांक होता. त्याने लिहिलं होतं: "शून्याखेरीज उत्तर मिळत नाही, म्हणून चार ही आयगेनव्हॅल्यू असू शकत नाही. माझं समीकरण चुकलं आहे." तिथे त्याचा वेळ संपला असावा.

व्हेक्टरच्या पाचांपैकी दोन मार्क मी त्याला दिले होते. त्या दोनांनी तेहतिसाचे पस्तीस होऊन तो पास होत होता.

"हे काय?" साहेबांनी बोट ठेवलं. "व्हेक्टर लिहिलाच नाहीये. शून्य. आणि या बाकीच्यांचे का कापलेत? मागची चूक पुढे धरायची नाही. पद्धतीचे मार्क द्या."

"सर, पद्धत यानेच पाळलीय. त्या चाराला व्हेक्टर असूच शकत नाही."

"असू शकत नाही म्हणजे? अहो, हा घ्या." त्यांनी पेन्सिल उचलली, वरची ओळ लिहिली आणि झोकात दोन, उणे तीन मांडून दाखवलं. चाळीस वर्षं गणित शिकवल्याचं ते तेज होतं.

"आता खालच्या ओळीत घाला, सर."

त्यांनी घातलं. सहा अधिक सहा, बारा. शून्य काही होईना. एखादा लाजला असता. यांनी कागद चुरगाळला.

"तुम्ही उगाच ताणताय. दुसरी ओळ कोण बघत बसतो?"

मग लाल पेन घेऊन त्यांनी माझे दोन मार्क खोडले, शेजारी सही केली, आणि खोटे व्हेक्टर लिहिणाऱ्या सगळ्यांना पाच-पाच वाटले. चोर सोडून संन्याशाला सुळी. बेरजेच्या चौकटीत पस्तीसचे तेहतीस करतानाही त्यांनी दुसरी सही केली, कारण नियम म्हणजे नियम. एका पोराचं वर्ष गेलं, आणि तेही अख्ख्या गठ्ठ्यात ज्याला गणित कळत होतं त्याचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण शेवटचा शब्द त्यांचाच होता.

आतून मासे तळल्याचा वास यायला लागला. मी गठ्ठा बांधून उठलो, आणि दारात मला राहवलं नाही.

"सर, सकाळी पापलेट मात्र दोन्ही बाजूंनी बघितलंत."

"अहो," साहेब हसून म्हणाले, "ते घरात खायचं होतं."