तिसऱ्या स्टेजचा उतारा

तामलवाडीजवळच्या त्या छोट्या केमिकल कारखान्यात इंद्रजितला कुणी नावानं हाक मारत नसे. "तिसरी स्टेज कुठं गेली?" असं विचारलं की लोक कॅन्टीनकडं बोट दाखवायचे आणि तिथं इंद्रजित चहात पाव बुडवत बसलेला असायचा. अंगानं भरलेला, बोलायला मोकळा, हसला की डोळे मिटायचे. ढोकीहून बी.एस्सी. करून आलेला हा माणूस नऊ वर्षं एकाच रिॲक्टरपाशी, रसायनं ढवळणाऱ्या त्या मोठ्या बंद भांड्यापाशी, उभा होता आणि त्याला त्याचा कंटाळा आला नव्हता. त्या रिॲक्टरचा ढवळण्याचा आवाज जरा बदलला तरी तो हातातला घास ठेवून उठायचा.

कारखान्यात एका औषधासाठी लागणारा कच्चा माल तयार व्हायचा. तो एका झटक्यात होत नाही. पाच स्टेज असतात. पहिल्या स्टेजचा माल दुसरीत घालायचा, दुसरीचा तिसरीत, असं करत पाचवीपर्यंत जायचं. प्रत्येक ठिकाणी थोडं गळतं. काही गाळून निघालेल्या द्रावणात विरघळून जातं, काही भांड्याला चिकटतं, काही दुसरंच काहीतरी होऊन बसतं. रेणूचं वजन स्टेजगणिक बदलतं, म्हणून हिशोब किलोचा न धरता मोलचा, म्हणजे रेणूंच्या संख्येचा, धरतात: शंभर मोल घातले तर हाती किती मोल आले. तेच त्या स्टेजचं यील्ड. इंद्रजितचे वडील बलभीम साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. उसातून निघणाऱ्या साखरेसारखं ते त्यालाही उताराच म्हणत.

दिवाळीनंतर इंद्रजितचा उतारा पडला. आधी ब्याऐंशी टक्के यायचं, आता त्र्याहत्तर. एकदा नाही, लागोपाठ.

सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर उत्कर्ष सरांनी पांढऱ्या फळ्यावर पाच आकडे लिहिले. नव्वद, चौऱ्याण्णव, त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव. त्र्याहत्तरभोवती लाल गोल काढला. उत्कर्ष सर पुण्याचे, वयानं इंद्रजितहून लहान, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यामुळं त्यांचं बोलणं जास्तच लागायचं.

"शिवप्रसाद, अभिनंदन. चौऱ्याऐंशीवरून चौऱ्याण्णव म्हणजे गंमत नाही," ते दुसऱ्या स्टेजच्या शिवप्रसादला म्हणाले. मग लाल गोलाकडं वळले. "इंद्रजित, मी आणखी एक बॅच थांबतो. ऐंशीच्या खाली आलं तर तिसरी स्टेज बाहेर जॉब वर्कला देऊ. तुम्हाला गोडाऊन बघावं लागेल."

गोडाऊन म्हणजे ड्रम मोजायचे, गाड्या भरायच्या. त्यात वाईट काही नव्हतं. पण तो रिॲक्टर सोडून आपल्याला दुसरं काही करता येईल असं इंद्रजितला वाटत नव्हतं. तो "हो सर" म्हणाला आणि पहिल्यांदाच मीटिंगनंतर चहाला गेला नाही.

"इंद्या, खरं सांग, तिसऱ्या स्टेजवर उंदीर पाळलाय का?" जिना उतरताना शिवप्रसादनं त्याच्या पाठीत थाप मारली.

"पाळलाय. तुझ्यासारखाच हाय, खाऊन वर अभिनंदन घेतो."

शिवप्रसाद उमरग्याच्या पलीकडचा, घरात कानडी बोलणारा. दोघं तुळजापुरात शेजारशेजारच्या खोल्यांत राहत आणि एकाच मोटरसायकलवरून कामाला येत. एक आठवडा याचं पेट्रोल, एक आठवडा त्याचं. थट्टा चालायची ती अशी रोजचीच. पण त्या दिवशी परतताना इंद्रजित मागं बसून बोटांवर आकडे मोजत होता.

त्यानंतरचे दिवस इंद्रजितनं हरवलेल्या मालाचा माग काढण्यात घालवले. गाळून निघालेलं द्रावण तो आधी सरळ पुढं जाऊ द्यायचा. आता त्याचा नमुना तपासणीला दिला. माल धुऊन निघालेलं सॉल्व्हंटही दिलं. रिॲक्टर रिकामा झाल्यावर आत टॉर्च मारून कडा पाहिल्या, गाळणीचं कापड झटकलं, पाइप उघडून बघितले. लॅबमधल्या भुवनेश्वरी मॅडम त्याचे नमुने बघून वैतागल्या.

"अहो भाऊ, आज सहावी बाटली. मी तुमचीच नोकरी करू का?"

"माझीच वाचवायचीय म्हणून द्यायलोय, मॅडम."

त्यांनी मान हलवली, पण सगळं तपासून दिलं. गाळलेल्या द्रावणात सहा टक्के माल होता. धुण्यात दोन. नको तो पदार्थ झाल्यामुळं आठ गेले होते. सोळा झाले. हाती आलेले त्र्याहत्तर धरले तर एकोणनव्वद. शंभरातले अकरा कुठंच नव्हते. ना भांड्यात, ना पाइपात, ना कापडावर.

सुट्टीला तो ढोकीला गेला. अंगणात बलभीम आबा खाटेवर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी पोराचं तोंड बघितलं आणि टोपली पुढं सरकवली.

"काय झालं?"

"उतारा पडलाय, आबा."

"आमच्यात उतारा पडला की पावसाला बोल लावायचे. न्हाय तर ऊसतोडीवाल्यांला. तुमच्यात कुणाला लावत्यात?"

"मला."

आबा इतके हसले की शेंगा खाली पडल्या. इंद्रजितही हसला, बऱ्याच दिवसांनी. मग आबांनी शेजाऱ्याच्या बैलाचा विषय काढला आणि उताऱ्याचं तिथंच राहिलं.

परतीच्या एसटीत मात्र खिडकीला डोकं टेकवून तो पुन्हा आकडे फिरवू लागला. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यानं पाचही स्टेजचा गुणाकार केला. बेरीज नाही, सरासरी नाही. शंभरातले नव्वद उरले, त्या नव्वदातले चौऱ्याण्णव टक्के, त्यातले त्र्याहत्तर, असं शेवटपर्यंत. मोबाईलवर साडेएकोणपन्नास आले. मग त्यानं दिवाळीआधीचे आकडे घातले, शिवप्रसादचे चौऱ्याऐंशी आणि स्वतःचे ब्याऐंशी.

साडेएकोणपन्नासच. किंचितसं वर, इतकंच.

तो ताठ बसला. एकाचं दहानं चढलं, दुसऱ्याचं नऊनं पडलं आणि शेवटी हाती पडणारा माल जागचा हललाच नाही. शिवप्रसादकडं खरंच जास्त माल झाला असेल आणि इंद्रजितनं तो घालवला असेल, असंही होऊ शकतं. पण घालवलेला माल कुठंतरी सापडायला हवा होता. अकरा टक्के सापडत नव्हते, कारण ते त्याच्याकडं आलेच नसतील तर?

दुसऱ्या दिवशी त्यानं दुसऱ्या स्टेजहून आलेली पिशवी उघडली. वरचा थर भुसभुशीत, कोरडा. त्यानं मास्क नीट केला आणि लांब दांड्याचा स्कूप पार तळाशी घातला. आतून गोळे निघाले, दाबले की चिकटणारे. ओलसर. शिवप्रसादचा माल टोल्युइन या सॉल्व्हंटमधून निघायचा आणि मग ड्रायरमध्ये ट्रेवर वाळवायचा. इंद्रजितची रिॲक्शनही टोल्युइनमध्येच व्हायची. म्हणून ओला माल आत पडला तरी काही बिघडायचं नाही, माल तपासणीत पास व्हायचा आणि कुणाला काही कळायचं नाही. फक्त वजनात टोल्युइन माल म्हणून मोजलं जायचं.

भुवनेश्वरी मॅडमनी तो नमुना वाळवून वजन केलं. अकरा टक्के उडून गेले.

"पण आम्हाला तर प्रत्येक बॅचला अर्धा टक्काच ओल मिळते," त्या गोंधळून म्हणाल्या. "नमुना कुठून काढतात?"

इंद्रजितला माहीत होतं. सगळ्यात वरच्या ट्रेच्या पुढच्या कडेवरून. तिथं हात पोचतो म्हणून. दिवाळीनंतर बॅच मोठी झाली, ट्रे तेवढेच राहिले, थर जाड झाला. कड वाळायची, वर पापुद्रा धरायचा आणि मधलं ओलं राहायचं.

कागद हातात घेऊन तो उत्कर्ष सरांच्या केबिनकडं निघाला. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. त्यानं शिवप्रसादला ड्रायरमागं गाठलं.

सगळं ऐकून शिवप्रसादचा चेहरा उतरला. "म्हणजे माझे चौऱ्याण्णव खोटे?"

"खोटे न्हायत रे. ओले हायत."

"चेष्टा करू नको, इंद्या! घरी सांगून बसलोय म्या. बायकोनं शेजारी पेढे वाटलेत."

"मग माझ्या बायकोनं काय वाटायचं? गोडाऊनच्या चाव्या?"

"आधी सरांकडं गेला न्हाईस ना?"

"दारातनं माघारी आलोय."

शिवप्रसाद कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. त्या संध्याकाळी तो मोटरसायकलची चावी इंद्रजितच्या हातात देऊन एसटीनं गेला.

सरांनी दिलेली शेवटची बॅच आता शिवप्रसादच्या ड्रायरमध्ये होती. तो माल जसाच्या तसा आला तर इंद्रजितचं पुन्हा त्र्याहत्तर येणार, हे ठरलेलंच होतं. सरांना आत्ताच सांगावं की नाही, या विचारात त्यानं सकाळी चहा घेतला नाही. कामावर पोचला तर दुसऱ्या स्टेजला गलका होता. शिवप्रसाद ड्रायर बंद करून सगळे ट्रे बाहेर काढवत होता. गोळे फोडून, थर अर्ध्यानं पातळ करून, माल दोन खेपांत वाळवायचा असं तो ऑपरेटरना सांगत होता.

"आणि नमुना मधल्या ट्रेच्या मधूनच काढायचा. हात पोचत न्हाय तर ट्रे बाहेर वढा," तो म्हणाला. इंद्रजितकडं त्यानं बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी, तो माल वाळून तोलून झाल्यावर, मीटिंगला शिवप्रसादच आधी उठला. "सर, माझं यील्ड चौऱ्याऐंशीलासुद्धा पोचत न्हाय. त्र्याऐंशी पॉइंट सात. आधीचे आकडे ओल्या मालाचे होते. ट्रेमध्ये थर जाड झाला होता, माझ्या लक्षात आलं न्हाय."

उत्कर्ष सरांनी फळ्याकडं पाहिलं, मग मोबाईल काढला. दिवाळीआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचे गुणाकार केले.

"एकूण तर बदलतच नाही," ते अखेर म्हणाले.

"न्हाय बदलणार, सर," इंद्रजित म्हणाला. "त्यांच्यात जेवढं जास्त दिसलं तेवढंच माझ्यात कमी दिसलं."

"आणि मी प्रत्येक स्टेजचं यील्ड वेगवेगळं बघत बसलो." सरांनी लाल गोल तळहातानंच पुसला, हात लाल झाला. "ठीक आहे. पण बॅच पूर्ण होऊ द्या. मला कोरड्या मालावरचा आकडा हवा."

कोरडा माल इंद्रजितनं स्वतः तोलून रिॲक्टरमध्ये घातला. बाकी काहीच बदललं नाही. तेच तापमान, तेवढाच वेळ, तीच गाळणी. तयार माल वाळून तपासून आल्यावर भुवनेश्वरी मॅडमनी फोन केला. ब्याऐंशी पॉइंट एक.

कारखान्याला एक किलोही माल जास्त मिळाला नव्हता. जॉब वर्कचा विषय मात्र तिथंच संपला. उत्कर्ष सरांनी आणखी चार ट्रे मागवायचं ठरवलं आणि इंद्रजितला सांगितलं, "आता ते गाळलेल्या द्रावणातले सहा टक्के परत कसे मिळवायचे ते बघा. तिथं खरा माल आहे."

"बघतो सर. जास्त थंड करून बघतो आधी."

संध्याकाळी गेटपाशी शिवप्रसाद मोटरसायकलला टेकून उभा होता. त्यानं चावीसाठी हात पुढं केला.

"पेट्रोल कुणाचं हाय या आठवड्यात?"

"तुझं," इंद्रजित म्हणाला.

"लई चांगलं. तुझ्यामुळं माझे दहा टक्के गेले, वर पेट्रोलबी माझंच."

"दहा न्हाय, दहा पॉइंट तीन. नीट मोज."

"बस आता मागं," शिवप्रसाद म्हणाला आणि त्यानं गाडी चालू केली.