पलीकडचा खांब

मार्गशीर्षातली थंडी. वालधुनी नदीवरचं धुकं अंबरनाथच्या त्या छोट्या सोसायटीत शिरून कौलांवर बसलं होतं. शशिकांत नळावरून बादल्या भरून आणत होता. कारखान्यात ड्राफ्ट्समन, सोसायटीत बिनपगारी सेक्रेटरी, आणि घरचा पाणक्या.

पाणी झालं की वृंदाला पाठीवर घ्यायची. आठ वर्षांची पोर, पायांत लोखंडी पट्ट्या. शाळेची बस हमरस्त्यावर थांबायची. तिथवर सगळी गल्ली, खडी नि खड्डे.

"बाबा, जड होतेय ना मी?"

"पट्ट्या जड आहेत. तू गप बस."

डॉक्टरांनी त्याची कंबर तपासून वजन उचलायचं बंद करा म्हणून बजावलं होतं. बस फाटकातून आत आली तर पोरीची शाळा टिकणार, नाहीतर सुटणार. शाळेचं म्हणणं सरळ होतं: गल्लीत बस फिरवता येत नाही, फाटकातून आत वळवून दाखवा, मग आणू.

कमिटीने बस मोजली होती ती बांबूने, रस्त्यावर उभी असताना. रुंदी साडेसात फूट. फाटक बारा. अध्यक्ष अण्णा हात झटकून म्हणाले, "साडेचार फूट मोकळं. हत्ती जाईल, सोंड हलवत." शशिकांतनेही मान डोलावली होती.

बस आली. गल्ली चौदा फूट, समोर दुसऱ्याची भिंत. पुढची चाकं फाटकात शिरली, पण मागचं चाक आतल्या बाजूने कापत आलं आणि अलीकडच्या खांबावर घासलं. गिलावा ढासळला. त्याच खांबावर फाटकाशेजारी राहणाऱ्या माईंच्या दिवंगत यजमानांच्या नावाची संगमरवरी पाटी होती. सोसायटी उभी केली ती त्यांनी.

"खांब आडवा येतोय वो सायेब," पालेगावचा ड्रायव्हर जयदेव म्हणाला. "पाडल्याशिवाय नाय जमायचं."

अण्णांनी लगेच री ओढली. माई बाहेर आल्या, पदराने पाटी पुसली.

"पाडा," त्या म्हणाल्या. "मी काही बघायला येणार नाही."

मग कोण पाडतो? गोष्ट तिथेच अडली. शशिकांत रोज वृंदाला पाठीवर घेऊन त्याच पाटीसमोरून जायचा. माई दार लोटून घ्यायच्या. त्याला कुणाचाच राग येईना. रागावायलाही अंगात जोर लागतो.

रविवारी त्याने जयदेवला मैदानावर बोलावलं. टायरांना चुन्याची ओली फक्की फासली, स्टिअरिंग पार टोकाला पिळून बस गोल फिरवली. जमिनीवर दोन वाटा उमटल्या, पुढच्या चाकांची बाहेरून, मागच्यांची बरीच आतून. दोन्हींमधला पट्टा बसच्या रुंदीपेक्षा कितीतरी मोठा. बांबूने मोजलेला हत्ती सरळ चालत होता. वळणारा हत्ती फुगतो.

"आता काय, बस तासून बारीक करायची का?" जयदेव हसला.

घरी शशिकांतने नकाशाच्या मापात त्या पट्ट्याचा पुठ्ठा कापला, गल्लीच्या नकाशावर सरकवत बसला. वळताना बसचं शेपूट बाहेर फेकलं जातं, म्हणून समोरच्या भिंतीपासूनही फूटभर अंतर सोडलं. पुठ्ठा पाटीच्या खांबाला लागत होता. कंटाळून त्याने तो पुढे ढकलला, म्हणजे बस जरा उशिरा वळली असती. पाटी सुटली. आता पुठ्ठा पलीकडच्या खांबावर चढला होता.

घासला जातो तोच खांब हलवायला पाहिजे असं नव्हतं. पाहिजे होतं ते अंतर. ते पलीकडून घेतलं तरी चालत होतं. सतरा फूट झाले तर बस सुखाने जाईल.

पलीकडच्या खांबाला लागून त्याचंच अंगण होतं. पाच फूट म्हणजे त्याच्या बायकोचा, सुनंदाचा शेवगा आणि धुण्याचा दगड.

"अख्ख्या सोसायटीत माझाच शेवगा सापडला?" सुनंदा म्हणाली. "अण्णांचा बागबगीचा आहे की तिकडे."

"अण्णा फाटकापाशी राहत नाहीत."

ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग वृंदाच्या पट्ट्यांचे बंद सोडवत म्हणाली, "शेंगा काढून घेते. त्यानंतर तोडा. दगड मागच्या दारी न्या, आणि पाणीही तुम्हीच न्या तिथवर."

खांब हलला. चुना सुकल्यावर जयदेव बस घेऊन आला, पाटीच्या खांबापुढे जरा जास्तच गेला आणि स्टिअरिंग पिळलं. मागचं चाक पाटीपासून हातभर अंतराने गेलं. आत शिरून बस मोकळ्या जागेत फिरून उभी राहिली. अण्णा म्हणाले, "मी म्हटलंच होतं, हत्ती जाईल." माईंचं दार उघडं होतं. त्या बाहेर आल्या. वृंदाचा डबा पडला होता तो उचलून तिच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी वृंदा बसपर्यंत भिंतीला धरून स्वतः गेली. शशिकांतने कमरेवर हात ठेवून बस वळताना पाहिली. मग रिकाम्या बादल्या उचलल्या. दगड आता मागच्या दारी होता, नळापासून लांब. सुनंदाने धुणं भिजत घातलं होतं. तो पाण्याला निघाला.