धरणगावची बावीस घरं

मुलीच्या लग्नाचं ॲप मुलीनेच आणलं. ती पुण्याला नोकरी करते, लग्न इथे, धुळ्याला, आणि मधली धावपळ माझी. "आई, वही नको. सगळं यात टाकू. कोणाला बोलावलं, कोण येतंय, खर्च किती, कोणी काय करायचं, सगळ्यांना दिसेल." सगळ्यांना दिसलं की कामं होतात, असं तिला वाटत होतं. मी कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली आहेत. सगळ्यांना दिसलेलं काम कोणाचंच नसतं, हे मला माहीत होतं. तरी हो म्हणाले, कारण वाद घालायला वेळ नव्हता.

पंधरा दिवसांत मी त्या ॲपची नोकर झाले. मांडववाल्याचं काम दिराकडे टाकलं, त्याने ते परत माझ्याकडे टाकलं. स्वयंपाक्याच्या खर्चापुढे नणंदेने विचारलं, "मठ्ठा का नाही?" त्याच्याखाली सात जणांनी मठ्ठ्यावर मत दिलं. ऑफिसात फाइल उघडली की मोबाईल वाजायचा. घरी आले की पुन्हा तेच. एका संध्याकाळी यादी भरली. माझ्या मोबाईलमधले नंबर ॲपने एकदम उचलले आणि वर सूचना दिली की सतरा ठिकाणी एकाच नंबरवर दोन नावं आहेत, एकत्र करायची का? बहुतेक नावं मीच दोनदा साठवलेली होती. दूधवाला, दूधवाला नवीन, अशी. पहिली चार तपासली. मग कंटाळले आणि 'सगळी एकत्र करा' दाबलं. भाजी करपत होती.

पाहुण्यांची गावं वाटून दिली होती. धरणगाव माझं माहेर, तिथली भाऊबंदांची घरं नानांकडे दिली. नाना म्हणजे माझे थोरले चुलत भाऊ. त्यांनी दोन दिवसांत घरोघर पत्रिका वाटल्या आणि कामापुढे हिरवी खूण केली. बाकीच्यांची कामं लाल असताना नानांचं हिरवं बघून मला बरं वाटलं. तसं मी मुलीला बोललेही, "बघ, जुनी माणसं."

आहेराच्या साड्या मात्र मी माझ्या हिशोबाने आणल्या होत्या. माहेरची भाऊबंदांची घरं बावीस, प्रत्येक घराला एक. पिशव्या भरताना ॲपवरून घरांची नावं उतरवून घेतली तर एकवीसच भरली. एक साडी उरली. दोनदा मोजली. मग नावं वाचली, आणि कोणतं घर नाही ते कळलं.

नानांचा धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वी वारला. त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या भावजयीने, वर्षभरात त्याच घरात भिंत घालून वेगळी चूल मांडली. कापसाच्या शेतातला नवऱ्याचा वाटा तिला नावावर करून हवा आहे. नाना म्हणतात, घर एक आहे, वाटणी कसली? यावर निवाडा करायला भाऊबंद बसणार होते. आणि आमच्याकडे घर एक की दोन हे सातबाऱ्याच्या आधी पत्रिकेवरून ठरतं. वेगळी चूल, वेगळी पत्रिका. भाऊ गेला तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता. मी नानांच्या फोनवर तिच्याशी बोलायचे, म्हणून तिच्या नावापुढेही नानांचाच नंबर साठवला होता. पुढे तिने साधा फोन घेतला, मी नंबर बदलला नाही. ॲपने तो नंबर पाहिला, मी बटण दाबलं, आणि ती नानांच्या कुटुंबात गेली. ॲपने मोबाईलवर पाठवलेल्या पत्रिकेला नानांनी उत्तरात लिहिलं होतं, येणारी माणसं सहा. त्यांची स्वतःची पाच.

मी फोन लावला. "नाना, धाकट्या वहिनीला पत्रिका दिली का?"

"आमच्या पत्रिकेतच आहे ना ती."

"तिची वेगळी द्यायची होती."

"बाई, यादी तू केली का मी? तू जसं पाठवलं तसं वाटलं. मी मनाचं काही घातलं का?"

वाटताना एक दार वगळून ते पुढे गेले होते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण यादीतून ते दार मीच पुसून टाकलं होतं.

मुलगी म्हणाली, "सोपं आहे आई, तिला नव्याने टाक." टाकलं. नंबरचा रकाना रिकामा ठेवला, म्हणजे पुन्हा जोडायला नको, आणि पुढे 'छापील पत्रिका' अशी खूण केली. दोन मिनिटांचं काम. उरलेल्या कामासाठी अर्धी रजा टाकली आणि अमळनेरमार्गे धरणगावची एसटी धरली. तिला कुंकू लावायचं की नाही हे बसमध्येच ठरवून टाकलं. लावायचं.

ती दारात शेंगा फोडत बसली होती. "या अक्का. नानांकडे ना? पलीकडून दार शे त्यांचं."

"तुझ्याकडे आले."

"पत्रिका तर आली ना. नानांच्या मोबाईलमां. बठ्ठ्या गल्लीला, घरोघर दाखवी राहिले, धुळ्याची बहीणबी एकच घर मानते म्हणून."

"चूक माझी आहे. नंबर एक होता, मी दोन्ही घरं एकात टाकली."

"मोबाईलने टाकली का तुम्ही?"

"मी."

तिने सूप बाजूला ठेवलं. मी कुंकू लावलं, पत्रिका पुढे केली. तिने हात पुढे केला नाही.

"इथे कोण पाहतंय? ओट्यावर चला. तिथे द्या."

ओट्यावर नाना आणि दोन भाऊबंद बसले होते. मी सगळ्यांसमोर पत्रिका तिच्या हातात दिली. म्हणाले, "सहकुटुंब यायचं."

"एका घरात दोन पत्रिका?" नाना हसले. "वा! छापखाना स्वस्त झाला का काय?"

"घरं दोन आहेत नाना. माझ्याकडून चुकून एक झालं होतं."

"मग आमची सहाची पाच कर."

"केली."

"आता पाचाची शून्य कर. कर, माझ्यासमोर कर."

मी मोबाईल काढला. आतून त्यांची बायको ओरडली, "शून्य काय? मी ब्लाउज शिवायला टाकलंय!" एक भाऊबंद हसला, नानांनी वळून पाहिलं तसा गप्प झाला. मी शून्य नाही केलं. नानांचं नाव तेवढं 'येणार नाही'त टाकलं, चार ठेवली आणि त्यांना दाखवलं. त्यांनी तोंड फिरवलं.

निघताना भावजय फाट्यापर्यंत आली. "अक्का, ती यादी कागदावर निघते का? ज्यात मनं घर नानांपासून येगळं शे?"

"निघते. पण कोर्टात तिचा काही उपयोग नाही."

"कोर्टात कोण चाललं? भाऊबंद बसतील तेव्हा पुढे ठेवीसु."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रिंट काढली. नव्याने टाकलेलं नाव ॲपने सगळ्यात खाली, बाविसावं घातलं होतं. ते ओढून नानांच्या नावाखाली नेलं आणि पुन्हा काढली. वर 'धरणगाव, भाऊबंद' असं, खाली बावीस घरं. पोस्टाने पाठवली.

लग्नाला भावजय एकटी आली. नाना आले नाहीत. भाऊबंदांची बैठक दोनदा ठरून मोडली आहे. नाना माझा फोन उचलत नाहीत, आणि माहेरी गेले तर कोणत्या दाराने आत जायचं हे मला आता आधी ठरवावं लागतं.